चिठ्ठीवरचे निव्वळ वेतन आणि पासबुकातली जमा : जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, अहिल्यानगर यांस



मी आपल्या जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका. आमच्या केंद्रातल्या सहकाऱ्यांच्या पगाराचा ताळा एक्सेलमध्ये लावून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आपसूक आले आहे. एकूण वेतनातून कपाती वजा केल्या की निव्वळ वेतन यायला हवे, आणि तेवढीच रक्कम खात्यात दिसायला हवी, असा प्रत्येकाचा समज असतो. चिठ्ठीवरची वजाबाकी बहुधा बरोबरच असते, पण खात्यातली रक्कम तिच्याशी जुळत नाही, आणि ती का जुळत नाही हे शोधायला लागणारा एक कागद शिक्षकाच्या हाती नियमाने येत नाही. तो मिळावा आणि त्यासोबत आणखी दोन गोष्टी व्हाव्यात, यासाठी हे पत्र आहे. मागणी मोघम वाटू नये म्हणून आधी एका चिठ्ठीचा ताळा आपल्यापुढे मांडते.

शालार्थवर जे बिल तयार होते त्यात एका बाजूला येणे असते: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे, वाहतूक भत्ता. दुसऱ्या बाजूला शासकीय कपाती असतात: भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएस, व्यवसाय कर, गटविमा, लागू असेल तर आयकर. येणे वजा शासकीय कपाती म्हणजे चिठ्ठीवरचे निव्वळ वेतन. आपल्या जिल्ह्यात मात्र हिशेब इथे संपत नाही. शिक्षक बँकेचे कर्ज आणि ठेव, तालुक्याच्या पतसंस्थेचा हप्ता, एलआयसीचा पगारातून जाणारा हप्ता, या सगळ्या अशासकीय कपाती. त्या कुठे चिठ्ठीच्या खालच्या भागात एकेक ओळीने उमटतात, कुठे एकाच एकत्रित आकड्यात येतात, तर कुठे फक्त तालुक्याच्या कपात यादीत राहतात. खात्यात पडणारी रक्कम या दुसऱ्या वजाबाकीनंतरची असते. म्हणून ताळा दोन टप्प्यांत लावावा लागतो. दोन्ही एकत्र केले की फरक कुठल्या टप्प्यात पडला हेच कळत नाही.

आता उदाहरण. ओळख लपावी म्हणून आकडे बदलले आहेत, पण घडले ते असेच. सप्टेंबर २०२५ ची चिठ्ठी, एस-१० स्तर, मूळ वेतन ४१,६०० रुपये. महागाई भत्ता ५५ टक्के, म्हणजे २२,८८०. घरभाडे १० टक्के, ४,१६०. वाहतूक भत्ता १,३५०. हे झाले ६९,९९० रुपये. हे सहकारी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले असल्याने त्यांना एनपीएस लागू आहे. त्यांचा स्वतःचा वाटा मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ६,४४८. व्यवसाय कर २००, गटविमा ३६०. आयकर त्या महिन्यात नाही.

चिठ्ठीवर मात्र एकूण वेतन ६९,९९० नव्हते, ७९,०१७ होते. इथे पुष्कळ जण अडकतात. शासन एनपीएसमध्ये स्वतःचा १४ टक्के वाटा घालते. तो येतो ९,०२७ रुपये. काही चिठ्ठ्यांत हा वाटा आधी येण्याच्या बाजूला मिळवतात आणि मग कपातीच्या बाजूला तेवढाच वजा करतात. हाती पडणाऱ्या पैशावर त्याचा परिणाम शून्य असतो. पण एखाद्याने तो येण्यात धरला आणि कपातीत विसरला, तर बरोबर ९,०२७ रुपयांचा फरक दिसतो आणि पगार कमी आल्याची तक्रार सुरू होते. म्हणून आमच्या तक्त्यात या वाट्याच्या दोन स्वतंत्र ओळी असतात, एक येण्यात आणि एक कपातीत.

तक्ता साधा आहे. ए स्तंभात ओळीचे नाव, बी मध्ये प्रकार, सी मध्ये चिठ्ठीवरची रक्कम, डी मध्ये आपण स्वतः काढलेली रक्कम, ई मध्ये दोन्हींतला फरक. प्रकार तीनच: येणे, शासकीय, अशासकीय. ओळ २ ते ६ मध्ये येणे, ७ ते १० मध्ये शासकीय कपाती, ११ ते १४ मध्ये अशासकीय. सी१६ मध्ये पहिल्या टप्प्याचे उत्तर:

```
=SUMIFS(C2:C14,B2:B14,"येणे")-SUMIFS(C2:C14,B2:B14,"शासकीय")
```

इथे ७९,०१७ वजा १६,०३५, म्हणजे ६२,९८२ आले. चिठ्ठीवरचे निव्वळ वेतन तेवढेच होते. पहिला टप्पा जुळला.

तरी नुसती बेरीज जुळली म्हणून थांबायचे नाही. चिठ्ठीतली बेरीज संगणकानेच केलेली असते, ती चुकण्याची शक्यता फार थोडी. चुकतात ते तिच्यात गेलेले आकडे. म्हणून डी स्तंभ महत्त्वाचा. त्यात महागाई भत्ता आणि एनपीएस आपण आपल्या सूत्राने काढतो:

```
=ROUND(C2*55%,0)
=ROUND((C2+C3)*10%,0)
```

रुपयापर्यंत पूर्णांक केला नाही तर पैसे आत लपून राहतात. वरचाच शासनाचा वाटा घ्या: ६४,४८० चे १४ टक्के ९,०२७.२० होतात. पडद्यावर ९,०२७ दिसतात, पण बेरजेत वीस पैसे धरले जातात, आणि ई स्तंभात शून्याऐवजी भलताच आकडा उमटतो. महागाई भत्त्याचा दर बदलला, थकबाकी आली किंवा बिनपगारी रजा पडली, तर त्या महिन्यात डी आणि सी जुळणार नाहीत. तेव्हा थकबाकीची ओळ वेगळी घालावी, चालू महिन्याच्या भत्त्यात मिसळू नये. व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असतो, वर्षाचे २,५००. हे माहीत नसले की फेब्रुवारीत शंभर रुपयांसाठी अर्धी संध्याकाळ जाते.

आणखी एक अडचण कायमची. चिठ्ठी पीडीएफमध्ये असते. तिच्यातले आकडे चिकटवले की काही आकडे एक्सेलला आकडे वाटतच नाहीत, अक्षरे वाटतात. कारण एकतर मधला स्वल्पविराम किंवा न दिसणारी मोकळी जागा. असा आकडा डोळ्यांना दिसतो, पण बेरजेत येत नाही. ओळखायची खूण अशी: तेरा ओळी भरल्या असतील तर खालील पहिल्या सूत्राचे उत्तर १३ च यायला हवे. कमी आले तर बिघडलेल्या ओळीसाठी दुसरे सूत्र बाजूच्या रिकाम्या घरात वापरायचे आणि आलेला आकडा सी मध्ये नुसते मूल्य म्हणून चिकटवायचा:

```
=COUNT(C2:C14)
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,",",""),CHAR(160),""))
```

बी स्तंभातही हीच काळजी. "शासकीय" या शब्दानंतर चुकून एक जागा सुटली तर SUMIFS ती ओळ गुपचूप वगळते. त्यामुळे तिथे टंकायचे नाही, तीन प्रकारांची यादी लावून त्यातूनच निवडायचे.

आता दुसरा टप्पा. या सहकाऱ्यांना माहीत असलेल्या अशासकीय कपाती चार होत्या: शिक्षक बँकेचा कर्जहप्ता १४,५००, बँकेतली मासिक ठेव १,५००, पतसंस्थेचा हप्ता ३,२०० आणि एलआयसी २,१४६. एकूण २१,३४६. सी१७ मध्ये खात्यात यायला हवी ती रक्कम, सी१८ मध्ये पासबुकातली, सी१९ मध्ये फरक:

```
=C16-SUMIFS(C2:C14,B2:B14,"अशासकीय")
=C17-C18
```

यायला हवे होते ४१,६३६. पासबुकात होते ४०,४३६. फरक १,२०० रुपये.

फरकाचा आकडा पुष्कळदा स्वतःच कारण सांगतो. तो एखाद्या ओळीइतकाच असेल तर ती ओळ राहून गेली किंवा दोनदा आली. एखाद्या ओळीच्या दुप्पट असेल तर ती ओळ चुकीच्या बाजूला पडली. गटविम्याचे ३६० येण्यात गेले तर फरक ७२० चा दिसेल. आणि फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. २,१४६ ऐवजी २,१६४ लिहिले तर फरक १८ येतो. या तिन्ही कसोट्या लावल्या. १,२०० ची ओळ तक्त्यात नव्हती, ६०० ची नव्हती आणि १,२०० ला नऊने पूर्ण भागही जात नव्हता. याचा अर्थ चूक तक्त्यात नव्हती. आम्हाला ठाऊक नसलेली एक कपात कुठेतरी झाली होती.

तेव्हा कपात यादी मागितली. ती मिळायला वेळ लागला, पण मिळाली. त्यात या सहकाऱ्यांच्या नावापुढे पतसंस्थेच्या दोन ओळी होत्या. एक ३,२०० ची. दुसरी १,२०० ची, आकस्मिक कर्जाच्या हप्त्याची. ते कर्ज ऑगस्टच्या हप्त्याने फिटले होते. यादी करणाऱ्या माणसाने फोनवर सरळ सांगितले, "बाई, यादी मागच्याच महिन्याची चढवलीय. बदल कळला तर बदलतो, नाही कळला तर तशीच जाते." त्याने खोटे काहीच सांगितले नाही. काम त्याच पद्धतीने चालते. पतसंस्थेच्या खात्यावर हे १,२०० जास्तीचे जमा दिसत होते. अर्ज दिला, रक्कम परत मिळाली. ती पतसंस्था कोणती आणि तालुका कोणता, हे सांगण्याची गरज नाही. पद्धत तीच असेल तिथे हे कुठेही घडू शकते.

या पद्धतीच्या मुळाशी कायद्याचीही एक तरतूद आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने करार लिहून दिला आणि संस्थेने लेखी मागणी केली की नियोक्त्याने पगारातून कपात करून ती संस्थेला द्यायची असते. कर्ज पूर्ण फिटल्याचे संस्था कळवीपर्यंत ही कपात चालू राहते. म्हणजे कपात थांबवण्याची कळ संस्थेच्या पत्रात आहे. ते पत्र उशिरा आले, किंवा आले आणि यादीत चढले नाही, तर कपात होतच राहते. शिक्षकाला याची खबर लागण्याचा मार्ग एकच, त्याने स्वतः ताळा लावणे. आणि ताळा लावायला यादी लागते.

साहेब, आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. समजा हे १,२०० रुपयेही सापडले आणि फरक शून्यावर आला. तरी शून्य आल्याने एवढेच सिद्ध होते की आपल्या पगारातून कोणते पैसे गेले हे आपल्याला माहीत आहे. ते जिथे जायला हवेत तिथे पोचले का, हे त्या शून्यातून कळत नाही. बँकेचा हप्ता कापला गेला आणि कर्जखात्यावर उशिरा पडला, तर चिठ्ठी बरोबर, पासबुक बरोबर, पण कर्जावर व्याज वाढते. एलआयसीचा हप्ता कापला गेला पण भरलाच नाही, तर पॉलिसी बंद पडण्याचा धोका, आणि हे कुटुंबाला नको त्या वेळी कळते.

म्हणून आमच्या तक्त्यात आणखी दोन स्तंभ आहेत: एफ मध्ये "पोचलेली रक्कम", जी मध्ये "पोचल्याची तारीख". हे स्तंभ चिठ्ठीवरून भरायचे नाहीत, पलीकडच्या बाजूच्या कागदावरून भरायचे: बँकेच्या कर्जखात्याचा उतारा, पतसंस्थेचे पासबुक, एलआयसीची हप्ते भरल्याची नोंद आणि एनपीएससाठी प्रान खात्याचे विवरण.

एनपीएसची ओळ इथे सर्वांत बारकाईने पाहावी लागते. वरच्या उदाहरणात शिक्षकाचे ६,४४८ आणि शासनाचे ९,०२७ मिळून १५,४७५ रुपये प्रान खात्यावर दिसायला हवेत. त्यातून त्या दिवसाच्या दराने युनिट घेतली जातात. त्यामुळे रक्कम उशिरा पोचली तर दर वेगळा लागतो. मधल्या काळात ती कुठे वाढत नाही. जुळवताना पगाराचा महिना पाहायचा, जमा झाल्याची तारीख नाही. सप्टेंबरचा पगार ऑक्टोबरात होतो, वर्गणी त्याच्याही नंतर चढू शकते. तारखेवरून जुळवले तर सगळे महिने एकेक घर सरकतात आणि एक महिना खरोखर गायब असला तरी तो दिसत नाही. आम्ही वर्षाच्या शेवटी बारा महिन्यांची एकच पट्टी करतो. बारापैकी अकराच भरलेले दिसले तर उरलेला महिना नावानिशी समोर येतो आणि अर्जात नेमका तोच लिहिता येतो.

या ताळ्याची मर्यादाही सांगायला हवी. मूळ वेतनच चुकीचे निश्चित झाले असेल तर सगळ्या ओळी सुरेख जुळतात आणि पगार तरी चुकीचाच असतो, कारण भत्ते आणि एनपीएस दोन्ही त्याच आकड्यावर चालतात. त्यासाठी वार्षिक वेतनवाढीनंतरचा आकडा वेतनस्तराच्या तक्त्यातल्या पुढच्या घराशी आणि सेवापुस्तकातल्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो. हे काम वर्षातून एकदाचे. पण ते एक्सेलमधला मासिक ताळा करून देणार नाही.

आता माझ्या मागण्या. तिन्हींना नवी यंत्रणा लागत नाही. माहिती आजही कुठे ना कुठे आहेच, ती शिक्षकापर्यंत यायला हवी.

पहिली. पगार खात्यावर पडेल त्याच दिवशी प्रत्येक शिक्षकाला त्याच्या नावापुढच्या अशासकीय कपातींच्या ओळी मिळाव्यात: संस्थेचे नाव, कपातीचे कारण, रक्कम. एकत्रित आकडा नको. आमच्या उदाहरणात पतसंस्थेचे एकूण ४,४०० लिहिले असते तर हप्ता वाढला असेल असे वाटून गेले असते. ३,२०० आणि १,२०० वेगवेगळे दिसले म्हणून चूक पकडता आली. ही माहिती पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये मिळाली तर आकडे अक्षरे होण्याची अडचणही संपते. दुसऱ्याच्या कर्जाची माहिती कुणाला दिसू नये, म्हणून संपूर्ण यादी सूचनाफलकावर किंवा केंद्राच्या गटावर टाकू नये. प्रत्येकाला त्याच्याच ओळी जाव्यात.

दुसरी. कपात यादी मागच्या महिन्याची उचलून चढवण्याआधी प्रत्येक संस्थेकडून तीन प्रकारच्या नावांची छोटी यादी घ्यावी: नव्याने सुरू, रकमेत बदल आणि बंद. बदल नसेल तर "निरंक" असे लेखी घ्यावे. आज बदल कळवला नाही म्हणजे बदल नाही असे धरले जाते. निरंक लिहून देण्याची सक्ती झाली की फिटलेले कर्ज शोधण्याची जबाबदारी संस्थेवर येते, जिच्याकडे ती माहिती मुळातच आहे.

तिसरी. संस्थांना, एलआयसीला आणि प्रान खात्यांवर त्या महिन्याची रक्कम कोणत्या तारखेला गेली, ही एक ओळ तालुक्याने दर महिन्याला जाहीर करावी. तालुकावार एकूण रक्कम आणि तारीख पुरेशी आहे. त्यात कुणाची खासगी माहिती नाही. शिक्षकाला त्यावरून स्वतःच्या तक्त्यातला जी स्तंभ तपासता येईल.

याचा उपयोग आपल्या कार्यालयालाही आहे. एका शिक्षकाचा जो ताळा, तोच तालुक्याचा. तालुक्यातल्या सर्व चिठ्ठ्यांच्या निव्वळ वेतनाची बेरीज, तिच्यातून सर्व अशासकीय कपाती वजा, आणि उरलेली रक्कम बँकेला पाठवलेल्या यादीच्या बेरजेइतकी. ती तेवढी नसेल तर फरक पैसे जाण्याआधी सापडतो. आज तो एखाद्या शिक्षकाच्या पासबुकात महिन्याभराने सापडतो आणि मग अर्ज, पत्र, परतावा अशी कामे वाढतात.

जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. सगळीकडे एकदम नको. एका तालुक्यात सलग तीन पगार ही पद्धत राबवून पाहावी. त्या तीन महिन्यांत फिटलेल्या कर्जाच्या किती कपाती यादीतून वेळेवर निघाल्या आणि पगार झाल्यापासून किती दिवसांत रक्कम संस्थांपर्यंत पोचली, हे दोन आकडे मोजावेत. ते पाहून आपण निर्णय घ्यावा. तक्ता आमच्याकडे तयार आहे. आपण ज्या तालुक्याची निवड कराल तिथल्या केंद्रप्रमुखांना आणि लिपिकांना तो दाखवायला, त्यांच्या आकड्यांवर भरून दाखवायला मी शनिवारची शाळा सुटल्यावर येईन.

आपली,
जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका